मंजूर न झालेल्या भरपाईचे जाहीर आभार

विमा कंपनीचाही विमा असतो, हे मला वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी कळले. तोपर्यंत मी अंबाजोगाईच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात तासिका तत्त्वावर इंग्रजी शिकवत होते, आणि जगातील सर्व अनिश्चितता आपल्याच नेमणूकपत्रात एकवटली आहे, असा माझा समज होता. मुंबईच्या एका विमा कंपनीतील नोकरीने तो दूर केला. तिथे मला पुनर्विमा विभागात बसवण्यात आले. या विभागाचे काम थोडक्यात असे: कंपनी एखादी मोठी जोखीम अभिमानाने स्वीकारते, मग रात्री झोप लागत नाही म्हणून तिचा बराचसा भाग दुसऱ्या, अधिक मोठ्या कंपनीच्या गळ्यात घालते. त्या दुसऱ्या कंपनीचा आणि आमचा संबंध अत्यंत सौजन्याचा असतो. दोघेही एकमेकांना पत्राच्या शेवटी स्नेहपूर्वक नमस्कार लिहितात आणि दोघेही एकमेकांच्या चुकीची वाट पाहत असतात.

अशा विभागात माझ्यासारख्या भिडस्त बाईचे काय काम, असा प्रश्न मला रोज पडे. पण विभागप्रमुख बाईंना माझी मसुदे लिहिण्याची पद्धत आवडली होती. ‘‘तुमच्या वाक्यात कोणी सापडत नाही,’’ असे त्या म्हणत. मी ती स्तुती समजत असे. अजून मी नोकरीत कायम झाले नव्हते, त्यामुळे प्रत्येक वाक्य स्तुती समजणे मला सोयीचे होते.

त्या हिवाळ्यात घाटनांदूरच्या अलीकडची एक मोठी जिनिंग-प्रेसिंगची फॅक्टरी जळाली. कापसाचा हंगाम भरात होता. अंगणात सरकी न काढलेल्या कापसाचे ढीग, आत रुईच्या बांधलेल्या गाठी, मागे सरकी. आगीला याहून अगत्याचे आमंत्रण देता आले नसते. विमा आमचा होता. त्यातला आमच्या स्वतःच्या अंगावरचा हिस्सा लहान, थोडा हिस्सा इतर पुनर्विमा कंपन्यांशी दरवर्षी होणाऱ्या करारात बसणारा, आणि उरलेला सर्वांत मोठा हिस्सा एका पुनर्विमा कंपनीने स्वतंत्रपणे घेतलेला. त्या स्वतंत्र कराराला एक अट होती. मोठे नुकसान झाल्याचे कळताच आम्ही त्यांना तत्काळ कळवायचे, आणि त्यांच्या लेखी संमतीशिवाय भरपाईची जबाबदारी कोणाजवळही मान्य करायची नाही. अट मोडली, तर त्यांचा हिस्सा देण्याचे बंधन त्यांच्यावर राहत नव्हते. मग ती सगळी राख आमच्या एकट्या कंपनीच्या पदरात पडली असती. हा करार विभागप्रमुख बाईंनी स्वतः बांधला होता.

बाईंनी मला बोलावले. ‘‘तुम्ही बीडकडच्या ना?’’

‘‘हो. लिंबागणेशची. सासर अंबाजोगाईचं.’’

‘‘मग जाऊन या. सर्व्हेअरचा अहवाल यायला वेळ लागेल, तोवर मला पुनर्विमा कंपनीला प्राथमिक सूचना पाठवायची आहे. आकडा हवा, फोटो हवेत. आणि तिथे काही बोलू नका.’’

न बोलणे हे मला आयुष्यात सहज जमलेले एकमेव काम होते, त्यामुळे मी निर्धास्त निघाले.

फॅक्टरीच्या दारात मालक उभे होते. पंचायत समिती, बाजार समिती आणि दोन पक्ष पाहून झालेले, सत्तरीकडे झुकलेले गृहस्थ. परिसरात त्यांना सगळे आबा म्हणत. पांढऱ्या शर्टावर राखेचे ठिपके होते. त्यांच्यामागे छप्पर वितळून आत कोसळलेले गोदाम दिसत होते. पत्रे एखाद्या चुरगळलेल्या पापडासारखे वाकले होते. जिनिंगच्या हॉलमधल्या यंत्रांच्या रांगा काळ्या पडून उभ्या होत्या. हवेत जळक्या कापसाचा असा वास होता की घशाशी बसे आणि उतरत नसे.

सर्व्हेअर माझ्याआधी पोहोचले होते. छत्रपती संभाजीनगरचे मितभाषी गृहस्थ. हातात मोजपट्टी, पायात गमबूट. त्यांनी मला एका गाठीजवळ नेले. बाहेरून ती चांगली दिसत होती, फक्त एका कोपऱ्यातून धुराची बारीक रेघ निघत होती.

‘‘ही वाचलेली म्हणून बाजूला ओढलीय,’’ ते म्हणाले. ‘‘आत आग आहे. दाबून बांधलेली असते ना, हवा कमी, मग आतल्या आत धुमसत राहते. उद्या पेटेल किंवा परवा. किती वाचल्या हे आज सांगणारा माणूस खोटं बोलतोय.’’

‘‘मला आजच सांगायचंय,’’ मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे सहानुभूतीने पाहिले. ‘‘मग नऊ कोटींपासून चौदा कोटींपर्यंत काहीही लिहा. इमारत, यंत्रं, साठा सगळं धरून. विम्याची रक्कम साठ्याला पुरेशी होती की कमी, ते पाहिलेलं नाही. वाचलेल्या मालाची किंमत वजा केलेली नाही. कारण विचारू नका.’’

कारण मात्र तिथे उभा असलेला प्रत्येक माणूस न विचारता सांगत होता. कापसात खडा आला आणि यंत्रात ठिणगी पडली, असे एक मत. वायर शॉर्ट झाली, असे दुसरे. कोणाची नजर लागली, असे तिसरे. तिसरे मत मांडणाऱ्यांची संख्या सर्वाधिक होती, परंतु विम्याच्या कागदात त्यासाठी रकाना नाही.

काम आटोपून मी निघणार, तोच आबा म्हणाले, ‘‘ताई, चहा घेतल्याबिगर जायचं न्हाई.’’

‘‘नको आबा, उशीर होतोय.’’

‘‘कावून? जळालं म्हनून चहा बी जळाला व्हय?’’

फॅक्टरीच्या मागच्या बाजूला त्यांचे राहते घर होते, आगीतून वाचलेले. आत गेले तर चहाबरोबर त्यांची पत्नी, दोन सुना आणि हळद-कुंकवाचे ताट उभे होते. माझे माहेर लिंबागणेशचे आहे, हे मी दारात कोणालातरी सांगून बसले होते. त्या एका वाक्याने मी विमा कंपनीची अधिकारी राहिले नाही. जिल्ह्याची लेक झाले.

‘‘वटी भरते,’’ काकू म्हणाल्या. ‘‘माहेरवाशीण खाली हातानं गेली तर आमची काय इज्जत ऱ्हाईल?’’

‘‘काकू, आमच्याकडे नियम आहे, काही घेता येत नाही.’’

‘‘मी कुटं तुमच्या हापिसाला देतीय? मी माज्या लेकीला देतीय.’’

आता ओटी नाकारणे म्हणजे काय, हे मराठी वाचकाला सांगण्याची गरज नाही. कालच ज्या घराची फॅक्टरी जळाली, त्या घरच्या सुवासिनीने पुढे केलेला नारळ मागे सारायचा, आणि तोही घरातल्या बायकांसमोर. कंपनीच्या आचारसंहितेत भेटवस्तूंवर दोन पाने आहेत. ओटीवर एक ओळही नाही. आचारसंहिता लिहिणारे बहुधा कधी कोणाच्या माहेरी गेलेले नसावेत. मी पदर पुढे केला. त्यात गहू पडले, खण पडला, नारळ पडला, आणि वर एक साडी आली, हिरवी, जरीच्या काठांची. कपाळाला कुंकू लागत असताना कोणीतरी मोबाइलवर फोटो घेतला. मी काही बोलले नाही. बोलू नका, अशी मला स्पष्ट सूचनाच होती.

परतीच्या वाटेवर, केजच्या एका हॉटेलात बसून मी सूचनेचा मसुदा लिहिला. विमा घेणाऱ्याचे नाव, पॉलिसीचा काळ, ठिकाण, नुकसानीची तारीख, सर्व्हेअर नेमल्याची नोंद, आगीचे कारण, नुकसानीचा अंदाज, त्यात पुनर्विमा कंपनीचा हिस्सा. मग बाईंना फोन केला.

‘‘कारण काय लिहिलंत?’’

‘‘जिनिंग हॉलमधील यंत्रात ठिणगी पडून आग लागली असावी, असा प्राथमिक तर्क.’’

‘‘काढा. तर्क करण्याचे पैसे आपण सर्व्हेअरला देतो. कारण तपासाधीन. अंदाज?’’

‘‘नऊ ते चौदा कोटी.’’

बाईंनी हिशेब मांडला. ‘‘नऊ लिहिले आणि उद्या वाढले, तर ते म्हणतील यांना काही कळत नाही. चौदा लिहिले, तर आपल्या तिमाहीचा निकाल बिघडेल आणि मला वरच्या मजल्यावर बोलावतील. बारा लिहा.’’

‘‘बारा कशाच्या आधारावर?’’

‘‘अनुभवाच्या.’’

अशा रीतीने बाराचा जन्म झाला. मी त्याच्याभोवती माझ्या पद्धतीने कुंपण घातले: ही रक्कम संपूर्ण नुकसानीची आहे, केवळ आपल्या हिश्शाची नव्हे, ती प्रथम पाहणीवर आधारित असून बदलू शकते, विमारकमेच्या पुरेपणाचा विचार केलेला नाही, वाचलेल्या मालाची किंमत वजा केलेली नाही, आणि ही सूचना कोणतीही जबाबदारी मान्य न करता, सर्व हक्क राखून पाठवली जात आहे. शेवटच्या वाक्यावर मी विशेष खूश होते.

फोटो थोडे कमी पडत होते. फॅक्टरीचा रस्त्यावरून दिसणारा संपूर्ण देखावा माझ्याकडे नव्हता. तो मी आबांच्या मॅनेजरला व्हॉट्सअॅपवर मागितला. त्यांनी तत्परतेने दहा फोटो पाठवले. मोबाइलच्या लहानशा पडद्यावर जळकी छपरे दिसली, मी सगळे जोडले आणि मेल पाठवून दिला. पुनर्विमा कंपनीला तत्काळ कळवले गेले. अट पाळली गेली. त्या रात्री मी मुंबईच्या बसमध्ये गाढ झोपले.

दुसऱ्या दिवशी मुंबईत पोहोचले, तेव्हा उत्तर आलेले होते. सूचना मिळाल्याबद्दल आभार. अंदाज नोंदवून घेतला आहे. सर्व्हेअरचा परवाना क्रमांक व नेमणुकीचे पत्र पाठवावे. आणि शेवटी, अगदी सहज विचारावे तसे: ‘‘छायाचित्र क्रमांक सातमधील फलकावरील मजकुराचा अनुवाद कृपया पाठवावा.’’

मी छायाचित्र क्रमांक सात मोठे करून पाहिले.

मागे कोसळलेले गोदाम होतेच. पुढे, कंपाउंडच्या भिंतीवर, मी निघाल्यावर काही तासांच्या आत छापून लावलेला एक भव्य फ्लेक्स होता. एका बाजूला हात जोडलेले आबा. दुसऱ्या बाजूला, लंबगोल चौकटीत, कपाळावर ताजे कुंकू आणि पदरात नारळ घेतलेली मी. आबांचा फोटो माझ्या तिप्पट मोठा होता, ही त्यातली एकच रास्त गोष्ट. खाली चिल्लर कार्यकर्त्यांची रांग. आणि मध्ये, ठसठशीत अक्षरांत: ‘‘आपल्या फॅक्टरीला विम्याची संपूर्ण भरपाई मंजूर केल्याबद्दल जिल्ह्याच्या लेकीचे जाहीर आभार.’’

ज्या मेलच्या शेवटी मी ‘‘कोणतीही जबाबदारी मान्य न करता’’ असे लिहिले होते, त्याच मेलला मी संपूर्ण जबाबदारी मान्य केल्याचा सचित्र पुरावा जोडला होता. सोबत स्वतःचा फोटोही दिला होता, म्हणजे ओळख पटवायला त्रास नको.

बाईंनी तो फोटो शांतपणे पाहिला. त्यांना ओरडण्याची सवय नव्हती, आणि त्यामुळे भीती अधिक वाटे.

‘‘साडी छान आहे,’’ त्या म्हणाल्या. ‘‘यात ‘मंजूर’ लिहिलंय.’’

‘‘मी काही मंजूर केलेलं नाही. मला तो अधिकारच नाही. मी तोंडसुद्धा उघडलं नाही.’’

‘‘तेच तर. नाही म्हणायलाही उघडलं नाहीत.’’ त्यांनी चष्मा काढला. ‘‘त्यांचा हिस्सा सत्तर टक्के आहे. संमतीशिवाय जबाबदारी मान्य केली असं त्यांनी धरलं, तर ते हात झटकून मोकळे. त्यानंतर हा करार कोणी बांधला, असं मला विचारतील, आणि हा मेल कोणी पाठवला, असं तुम्हाला. तुम्ही अजून कायम नाही ना?’’

‘‘नाही.’’

‘‘अनुवादात ‘हार्दिक स्वागत’ लिहा. नाहीतर फोटो चुकून गेला म्हणून परत मागवा.’’

त्या असे का म्हणाल्या, ते मला समजत होते. मनातून मलाही तेच हवे होते. मी जागेवर येऊन ‘स्वागत’ असा शब्द टंकलाही. तो पडद्यावर अतिशय निरुपद्रवी दिसत होता. पण बावीस वर्षे मुलांचे अनुवाद तपासलेल्या हाताला एक खोड असते: समोर मूळ मजकूर असला की तो चुकीच्या उताऱ्याखाली लाल रेघ मारल्याशिवाय राहत नाही. शिवाय भीतीची एक हिशेबी बाजूही होती. फ्लेक्सवर जे छापले होते, ते आबांनी छापले होते; अनुवादात जे खोटे लिहिले जाईल, ते मी लिहिलेले असेल. पहिल्याची जबाबदारी नाकारता येत होती. दुसऱ्याची आली नसती.

मी शब्दशः अनुवाद केला. कंसात कार्यकर्त्यांची नावेही दिली. मग बाईंकडे गेले.

‘‘हा खरा अनुवाद आहे. याला मी एक टीप जोडू इच्छिते.’’

‘‘कसली?’’

‘‘की आमच्या जिल्ह्यात आभार आधी मानतात आणि काम मागून होतं. बऱ्याचदा होतही नाही. रस्ता मंजूर केल्याबद्दल, पूल मंजूर केल्याबद्दल, डांबर पडायच्या आत बॅनर लागतात. तो कोणाच्या कबुलीचा पुरावा नसतो. ती मागणी असते, आभाराच्या वेशातली.’’

‘‘आणि हे ते लोक मान्य करतील?’’

‘‘पुरावा देते.’’

मी सर्व्हेअरना फोन केला. ते अजून तिकडेच होते. बाजूला ओढलेली एक गाठ सांगितल्याप्रमाणे पेटली होती. मी विचारले, येताजाता एखाद्या न झालेल्या कामाबद्दल आभार मानणारा बॅनर दिसला, तर फोटो पाठवाल का. ते थोडे हसले. अर्ध्या तासाच्या आत तीन फोटो आले. एकात ओढ्यावर पूल मंजूर केल्याबद्दल आभार होते आणि बॅनरच्या मागून बैलगाडी ओढ्याच्या पाण्यातून चालली होती. सोबत सर्व्हेअरांचा निरोप: ‘‘शोधावं लागलं नाही. अजून हवे असल्यास सांगा.’’

बाईंनी ते फोटो बराच वेळ पाहिले.

‘‘मी तीस वर्षं पुनर्विम्यात आहे,’’ त्या म्हणाल्या. ‘‘हक्क राखण्यासाठी बैलगाडी जोडलेली मी पाहिली नव्हती.’’

‘‘काढू का?’’

‘‘असू द्या. पण नुसत्या टिपेने भागणार नाही. विमाधारकाला आजच कंपनीचं पत्र जाऊ दे. पाहणी म्हणजे कबुली नव्हे, कोणत्याही कर्मचाऱ्याने काहीही मंजूर केलेलं नाही, दावा तपासाधीन आहे. त्यावर पोच म्हणून त्यांची सही घ्या, आणि ती प्रत यांना पाठवा. त्यांनी सही केली नाही, तर तुमची टीप म्हणजे ललित लेख.’’

म्हणजे सगळे पुन्हा आबांच्या सहीवर येऊन थांबले. ज्या माणसाने मला जाहीर धन्यवाद दिले होते, त्याच्याकडून मी धन्यवादास पात्र नाही, असे लिहून घ्यायचे होते. आणि तेही त्याची फॅक्टरी धुमसत असताना.

पत्र मेलने गेले आणि मी फोन लावला. आबांनी दुसऱ्या रिंगला उचलला.

‘‘बोला ताई. लई दिवस आयुष्य हाय तुमाला, आत्ताच नाव काढलं.’’

‘‘आबा, तो फ्लेक्स.’’

‘‘आवडला ना? फोटो चांगला आलाय. आमची सून म्हनली, ताई हसल्या न्हाईत. मी म्हनलं, साहेब लोक हसत नसत्यात.’’

‘‘आबा, भरपाई मंजूर झालेली नाही.’’

‘‘माहीत हाय की.’’

मला वाटले होते, त्यांचा गैरसमज झाला असेल आणि तो मला हळुवारपणे दूर करावा लागेल. त्यासाठी मी दोन वाक्ये तयारही ठेवली होती.

‘‘माहीत असून छापलं?’’

‘‘मग? झाल्यावर आभार कोन बी मानतंय. आदी मानले की मानूस बांधला जातो. तुमच्या कंपनीत कोन मला वळखतंय? उद्या कागद इकडं तिकडं झाला, साहेब म्हनला न्हाई देत, तर मी कुनाला धरायचं? तुमाला तर आता आक्खा तालुका वळखतो.’’

‘‘पण त्याच फ्लेक्समुळे पैसे अडकतील. आमच्यावर एक मोठी कंपनी आहे. ती म्हणेल, आम्हाला न विचारता मंजूर केलंत, आता तुमचं तुम्ही बघा.’’

‘‘तुमच्यावर बी कोन हाय का?’’ त्यांच्या आवाजात पहिल्यांदाच खरे कुतूहल आले. ‘‘मला वाटलं तुमीच शेवटचे.’’

‘‘नाही. आणि त्यांच्यावरही कोणी असेल.’’

‘‘म्हंजे जिल्हा परिषदेसारखंच की.’’ आबा म्हणाले. ‘‘बरं, मला सरळ सांगा. मंजूर न्हाई.’’

‘‘अजून नाही.’’

‘‘मंग नामंजूर?’’

‘‘तसंही नाही.’’

‘‘मंग हाय काय?’’

‘‘प्राथमिक अंदाज पाठवलाय.’’

‘‘किती?’’

‘‘ते सांगता येत नाही.’’

‘‘बदलू शकतो का?’’

‘‘हो.’’

‘‘आनि त्यावर तुमी बांधलेले न्हाई.’’

‘‘नाही.’’

‘‘ताई, आमच्यात याला आश्वासन म्हनत्यात,’’ आबा म्हणाले. ‘‘तीस वर्षं देत आलोय मी. पयल्यांदाच घेतोय.’’

मी म्हणाले, ‘‘पत्रावर सही करून पाठवाल का? त्यात तुमचा दावा नाकारलेला नाही, हेही लिहिलंय. ती ओळ मी घातलीय. सही केली तर ती मोठी कंपनी सोबत राहील. सोबत राहिली तर आमच्या कंपनीला देताना हात आखडावा लागणार नाही.’’

फोनवर मागे कोणाला तरी काही सांगितल्याचा आवाज आला. काकूंचा स्वर ऐकू आला: ‘‘लेक हाय ना आपली, मंग करा की सही.’’

‘‘कायदा तिला कळत न्हाई,’’ आबा मला म्हणाले, ‘‘पन मानसं कळत्यात. पाठवतो. आनि फ्लेक्स आजच उतरवतो. पन ताई, छपाईचा खर्च दाव्यात लावता येतो का?’’

‘‘नाही, आबा.’’

‘‘बघा, हे मातर झटकन सांगितलं.’’

सायंकाळी सही केलेले पत्र आले. आबांच्या नावाखाली त्यांच्या सर्व माजी पदांचा शिक्का होता. मी ते, शब्दशः अनुवाद, टीप, पुलाचा बॅनर आणि बैलगाडी असे सगळे एकत्र करून पुनर्विमा कंपनीला पाठवले. साडी आमच्या अनुपालन विभागाकडे जमा केली. तिथल्या तरुणाने फॉर्ममध्ये ‘भेट देणाऱ्याशी नाते’ या रकान्यापुढे पेन थांबवले आणि माझ्याकडे पाहिले. मी ‘विमाधारक’ लिहायला सांगितले. काकूंनी ते ऐकले असते, तर मला दारात उभे केले नसते.

त्यानंतर दोन दिवस काहीच आले नाही. बाई माझ्याशी नेहमीप्रमाणे बोलत होत्या, पण प्रत्येक मेलच्या आवाजाला दोघींच्या माना एकाच वेळी वळत. सर्व्हेअरांचे आकडे मात्र येत राहिले. आणखी गाठी पेटल्या. बारा हा आकडा तेव्हाच पातळ दिसू लागला होता.

तिसऱ्या दिवशी दुपारी फोन आला. पुनर्विमा कंपनीचे दावे पाहणारे अधिकारी होते. त्यांच्या मेलमधील इंग्रजी इतके काटेकोर होते की ते मला इंग्लंडातले कोणी वाटले होते. त्यांनी मराठीत सुरुवात केली.

‘‘मॅडम, मी उदगीरचा.’’

मी खुर्चीत सरळ झाले. ‘‘म्हणजे तुम्हाला बोर्ड वाचता येत होता.’’

‘‘पहिल्याच दिवशी वाचला. आमच्या चौकात याहून मोठे लागतात. मला मजकुराची शंका नव्हती. मला तुमच्या कंपनीची शंका होती. पूर्वी एकदा एका कंपनीने मला असाच बोर्ड ‘शुभ दीपावली’ म्हणून अनुवादित करून दिला होता. जून महिन्यात.’’

मी ‘स्वागत’ हा शब्द आठवला आणि खुर्चीत जरा मागे टेकले.

‘‘तिसऱ्या माणसाने स्वतःच्या भिंतीवर काय छापलं, ही तुमची कबुली होत नाही,’’ ते पुढे म्हणाले. ‘‘पण तुम्ही ती लपवली असती, तर मी वेगळा विचार केला असता. आमचा माणूस पाहणीला सर्व्हेअरसोबत राहील. पुढची कोणतीही रक्कम ठरवण्याआधी आम्हाला विचारा. आमचा हिस्सा आहे तिथे आहे, सर्व हक्क राखून.’’

‘‘धन्यवाद.’’

‘‘थांबा, लगेच आभार नका मानू,’’ ते म्हणाले. ‘‘तो बारा कोटींचा आकडा कुठून आला, ते सांगा. आधार दिसत नाही.’’

मी क्षणभर बाईंच्या बंद दाराकडे पाहिले. ‘‘नऊ आणि चौदाच्या मधून.’’

‘‘वाटलंच. आम्ही आमच्याकडे पंधरा धरून ठेवलेत. तुमच्याकडून येणाऱ्या पहिल्या आकड्यात आम्ही नेहमी पाव भाग मिळवतो.’’

म्हणजे आमच्या तिमाहीची लाज राखण्यासाठी बाईंनी जेवढे खाली ओढले होते, त्याहून अधिक त्यांनी सवयीने वर ढकलले होते. दोन्ही बाजूंना परस्परांचा स्वभाव इतका चांगला ठाऊक होता, की मधला मेल केवळ शिष्टाचार म्हणून पाठवला जात असावा.

मी दार ढकलून आत गेले. बाईंनी मान वर केली.

‘‘सोबत राहिले का?’’

‘‘राहिले. त्यांचा माणूस पाहणीला येणार. हक्क राखून, पण राहिले.’’

‘‘लेखी दिलंय?’’

‘‘फोनवर म्हणाले.’’

‘‘फोनवर राहणं म्हणजे राहणं नव्हे,’’ बाई म्हणाल्या. ‘‘बसा.’’

मी बसले. आम्ही दोघी त्यांच्या संगणकाकडे पाहत राहिलो. बाईंनी मागवलेला चहा आला, अर्धा पिऊन झाला. मग मेल आला. दोनच ओळी होत्या: सूचना व सोबतची कागदपत्रे मिळाली, कराराच्या अटींचे पालन झाल्याबाबत आमचा सध्या आक्षेप नाही. बाईंनी त्या दोन ओळी तीनदा वाचल्या. ‘सध्या’ या शब्दावर त्यांचे बोट जरा रेंगाळले, पण पुढे सरकले. त्यांनी मेल छापायला दिला आणि उरलेला चहा, थंड झालेला असूनही, पूर्ण प्यायला.

‘‘आता सुधारित अंदाज लिहा,’’ त्या म्हणाल्या. ‘‘या वेळी सर्व्हेअर जो सांगतील तोच. आणि फोटो मी स्वतः बघेन.’’